साप्ताहिक परिपत्रक गोषवारा: ५ ते ९ जून २०२३
नगरपरिषद कार्यालय, सामान्य प्रशासन विभाग (आवक-जावक शाखा)
सोमवार, १२ जून २०२३, सकाळी १० वाजता वितरित

मा. मुख्याधिकारी यांच्या अवलोकनार्थ व सर्व विभागप्रमुखांना कार्यवाहीसाठी

गेल्या आठवड्यात टपाल, ईमेल आणि जिल्ह्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मिळून ४१ कागद आले. त्यातले १४ दुबार होते, म्हणजे तेच पत्र आधी ईमेलवर आणि चार दिवसांनी टपालाने. उरलेल्या २७ पैकी १४ कागदांवर काम करायचे आहे. त्यांची मिळून कामे ११ होतात. बाकीचे १३ माहितीसाठी आहेत.

४१ पैकी २९ कागदांवर ‘अत्यंत तातडीचे’ असा शिक्का आहे. त्यामुळे शिक्का न पाहता अहवालाची शेवटची तारीख आणि काम न झाल्यास नागरिकाला होणारा त्रास, या दोन गोष्टींवरून क्रम लावला आहे. प्रत्येक विभागात तात्काळचे काम वर, सवडीचे खाली आहे.

आजच हातात घ्यायची तीन कामे
नालेसफाईचा अहवाल (आज सायंकाळी ५ पर्यंत), धोकादायक इमारतींची यादी (उद्या, १३ जून) आणि क्लोरीन तपासणी (आजपासून रोज). तपशील त्या त्या विभागाखाली आहे.

बांधकाम व नगररचना

*तात्काळ. धोकादायक इमारती. आवक क्र. २११६ व २१३९. जिल्हाधिकारी कार्यालय, आपत्ती व्यवस्थापन शाखा.*
मूळ पत्रात १५ जून ही तारीख होती. ८ जूनच्या शुद्धिपत्रकाने ती १३ जून केली आणि नमुनाही बदलला. ज्यांनी मूळ पत्राची प्रिंट काढून फाईलला लावली असेल त्यांनी ती बाजूला ठेवावी. नव्या नमुन्यात दोन रकाने वाढले आहेत: इमारतीत सध्या राहणाऱ्या कुटुंबांची संख्या, आणि १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ खालची नोटीस कोणत्या तारखेला व कोणाला बजावली. ‘नोटीस दिली आहे’ एवढे लिहिलेले चालणार नाही, बजावणीची पोच जोडायची आहे.
आपल्या गतवर्षीच्या यादीत १७ इमारती आहेत. त्यातल्या किती पाडल्या, किती दुरुस्त झाल्या हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय यादी पुढे जाऊ नये. तारीख बदलून जुनी यादी पाठवली आणि पहिल्या मोठ्या पावसात त्यातलीच एखादी भिंत कोसळली, तर उत्तर याच टेबलावरून मागितले जाईल. अभियंत्यांनी आज दुपारीच फेरी काढावी. भाडेकरू आणि घरमालकाचा वाद असेल तर शेरा रकान्यात तसे स्पष्ट लिहावे.

*या आठवड्यात. रस्ते खोदाई. आवक क्र. २१२२.*
पावसाळ्यात नवीन खोदाईला परवानगी देऊ नये. आधी खोदून तसेच ठेवलेल्या रस्त्यांची यादी व बुजवण्याची तारीख १६ जूनपर्यंत कळवायची आहे. पाणीपुरवठ्याच्या गळती दुरुस्तीला सूट आहे, मात्र खड्डा त्याच दिवशी बुजवावा.

आरोग्य व स्वच्छता

*तात्काळ. नालेसफाई. आवक क्र. २१०८, २११९, २१३१.*
एकच काम, तीन कार्यालये, तीन नमुने. जिल्हाधिकारी कार्यालयाला लांबी मीटरमध्ये हवी आहे, जिल्हा प्रशासन अधिकाऱ्यांना गाळ घनमीटरमध्ये आणि संचालनालयाला टक्केवारी. स्वच्छता निरीक्षकांनी तीनदा मोजत बसू नये. नाल्याचे नाव, एकूण लांबी, साफ केलेली लांबी, काढलेला गाळ आणि गाळ कुठे टाकला, अशी एकच एक्सेल शीट दुपारी ३ पर्यंत आवक शाखेकडे द्यावी. तिन्ही नमुने इथे भरून देऊ. आधीचे आणि नंतरचे फोटो जिओ-टॅगसह व एकाच जागेवरून काढलेले हवेत. काढलेला गाळ नाल्याच्या काठावरच पडून असेल तर ती लांबी ‘साफ’ धरू नये. पहिल्याच सरीत तो परत आत जातो.

*या आठवड्यात. एकल वापर प्लास्टिक. आवक क्र. २१२७. प्रदूषण नियंत्रण मंडळ.*
दर शुक्रवारी कारवाईचा तक्ता पाठवायचा आहे. दंड आपल्याकडे चालू आहे तोच: पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,००० रुपये, तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि कारावासाची तरतूद. निरंक अहवाल चालेल, पण सोबत किती दुकाने तपासली तो आकडा द्यावा लागेल. निरंक व तपासणीही शून्य, असा तक्ता परत येईल.

*या आठवड्यात. डासोत्पत्ती. आवक क्र. २१३३.*
प्रभागनिहाय कोरड्या दिवसाचे वेळापत्रक १५ जूनपर्यंत. आपल्याकडे मंगळवार ठरलेलाच आहे, तोच कळवावा.

पाणीपुरवठा

*तात्काळ. अवशिष्ट क्लोरीन. आवक क्र. २१३६. जिल्हा आरोग्य यंत्रणा.*
पावसाळा संपेपर्यंत रोज ओटी चाचणी घेऊन नोंदवही ठेवायची आहे. नळाला किमान ०.२ पीपीएम क्लोरीन मिळाले पाहिजे. नमुना टाकीजवळचा नको, वितरणाच्या शेवटच्या टोकाचा घ्यावा. आपली नोंदवही एकाच अक्षरात, एकाच शाईत आणि सलग ०.५ अशी भरलेली दिसते. तपासणी पथकाला ते पहिल्या नजरेत कळते. टीसीएल पावडरचा शिल्लक साठा व पोत्यावरची मुदत आजच तपासावी.

*या आठवड्यात. टंचाई नियोजन. आवक क्र. २११२.*
एल निनोच्या शक्यतेमुळे ऑगस्टअखेरपर्यंत पुरेल असे नियोजन मागवले आहे. उद्भवातील आजचा साठा, रोजचा उपसा, टँकरची संभाव्य गरज, एवढे एका पानात. १६ जून.

लेखा

*या आठवड्यात. लेखापरीक्षण आक्षेप. आवक क्र. २१०५. स्थानिक निधी लेखा परीक्षा.*
दुसरे स्मरणपत्र आले आहे. दोन परिच्छेदांचे अनुपालन बाकी, मुदत १६ जून. दोन्ही बांधकामाच्या मोजमाप पुस्तिकेवर अडले असल्याने लेखापालांनी बांधकाम विभागाला पुन्हा पत्र न लिहिता समोरासमोर बसून हे संपवावे.

*२० जूनपर्यंत. पंधरावा वित्त आयोग. आवक क्र. २१२४.*
उपयोगिता प्रमाणपत्र. बंधित ६० टक्के (पाणी व स्वच्छता) आणि अबंधित ४० टक्के यांचा खर्च वेगवेगळा दाखवावा. व्याजाची रक्कम सोडून देऊ नये.

आस्थापना व सामान्य प्रशासन

*३० जूनपर्यंत.* पुढील वर्षभरात सेवानिवृत्त होणाऱ्यांची यादी (आवक क्र. २११०). सेवापुस्तक पडताळणी झाली की नाही ते प्रत्येकापुढे लिहावे. सफाई कामगारांची पुस्तके आधी घ्यावीत, खाडाखोड त्यांच्यातच जास्त निघते.

*३० जूनपर्यंत.* माहिती अधिकार अधिनियम २००५, कलम ४(१)(ख) च्या १७ बाबी संकेतस्थळावर अद्ययावत करणे (आवक क्र. २१२९). प्रत्येक विभागाने आपापला मजकूर युनिकोडमध्ये द्यावा. स्कॅन केलेली पाने नकोत.

कर विभाग
कार्यवाहीचे काही नाही.

केवळ माहितीसाठी
१३ कागदांत बदल्यांचे आदेश, प्रशिक्षणाची निमंत्रणे आणि इतर विभागांना उद्देशून असलेल्या प्रती आहेत. पाहायचे असल्यास धारिका शाखेत ठेवली आहे. एवढेच लक्षात असू द्या: शाळा १५ जूनला उघडतात, त्यामुळे नगरपरिषद शाळांच्या टाक्या व स्वच्छतागृहे त्याआधी धुऊन घ्यावीत. आषाढी एकादशी २९ जूनला आहे.

पत्राची वाट पाहत आहोत
शुक्रवारी ग्रुपवर वृक्षलागवडीच्या उद्दिष्टाचा एक फोटो आला. त्यावर जावक क्रमांक नाही, सही नाही. जिल्हा कार्यालयात फोन केला, पत्र निघायचे आहे असे सांगितले. ते येईपर्यंत त्या आकड्यावर रोपांची मागणी नोंदवू नये.

अहवाल पाठवल्यावर जावक क्रमांक त्याच दिवशी शाखेला कळवावा. न कळवलेले काम पुढच्या सोमवारी ‘प्रलंबित’ म्हणून विभागाच्या नावासह पहिल्या पानावर येईल.

कार्यालय अधीक्षक