प्रश्न २ (अ): सेंट्रल डोग्माची संकल्पना स्पष्ट करा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या शोधामुळे ती खोटी ठरली का? (८ गुण)

उत्तर:

सेंट्रल डोग्मा ही संकल्पना फ्रान्सिस क्रिक यांनी १९५७ साली व्याख्यानात मांडली व १९५८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिचे मूळ म्हणणे असे: अनुक्रमाची माहिती एकदा प्रथिनात उतरली की तेथून ती न्यूक्लिक आम्लाकडे किंवा दुसऱ्या प्रथिनाकडे जात नाही. येथे ‘माहिती’ म्हणजे बेसांचा किंवा अमिनो आम्लांचा नेमका क्रम.

आकृती:

```
डीएनए ──प्रतिलेखन──► आरएनए ──भाषांतरण──► प्रथिन
 ↻ प्रतिकरण
```

प्रतिकरण: डीएनए पॉलिमरेज जुन्या धाग्यावरून पूरक धागा बनवते. नव्या प्रत्येक रेणूत एक धागा जुना व एक नवा असतो (मेसेल्सन व स्टाल, १९५८).

प्रतिलेखन: आरएनए पॉलिमरेज साचा-धागा 3'→5' दिशेने वाचते आणि आरएनए 5'→3' दिशेने तयार होतो, थायमिनच्या जागी युरॅसिल येते. दृश्यकेंद्रकी पेशीत हे केंद्रकात घडते आणि इंट्रॉन कापून काढल्यावर एम-आरएनए पेशीद्रव्यात येतो.

भाषांतरण: रायबोसोमवर एम-आरएनएचे तीन-तीन बेस वाचले जातात. टी-आरएनएचा अँटिकोडॉन कोडॉनशी जुळतो आणि त्याने आणलेले अमिनो आम्ल साखळीला जोडले जाते. ६४ कोडॉनपैकी ६१ अमिनो आम्लांसाठी असून ३ थांबा-कोडॉन आहेत.

उदाहरण:

```
साचा-धागा : 3'-TAC AAA GGC ATT-5'
एम-आरएनए  : 5'-AUG UUU CCG UAA-3'
प्रथिन     : मेथिओनिन–फिनाइलअ‍ॅलनिन–प्रोलिन–थांबा
```

आता हाच क्रम उलटा काढू. प्रोलिनसाठी CCU, CCC, CCA, CCG असे चार कोडॉन आहेत, त्यामुळे केवळ प्रथिन पाहून मूळचा कोडॉन कोणता होता हे ठरवता येत नाही. शिवाय प्रथिनावरून न्यूक्लिक आम्ल घडवणारी यंत्रणाही पेशीत आढळलेली नाही.

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज: १९७० मध्ये टेमिन व बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की रेट्रोव्हायरस या विकराच्या साहाय्याने आरएनएवरून डीएनए बनवतात. एचआयव्हीही याच गटातला. त्यामुळे डोग्मा मोडला असे म्हटले गेले, पण ते बरोबर नाही. मोडली ती ‘डीएनए → आरएनए → प्रथिन, आणि एवढेच’ ही पुढे रूढ झालेली सोपी आवृत्ती. आरएनए → डीएनए हा प्रवास दोन न्यूक्लिक आम्लांमधलाच आहे. क्रिक यांनी त्याला मनाई केलीच नव्हती. त्याच वर्षी त्यांनी माहितीच्या वहनाचे तीन गट मांडले: सर्वसाधारण (वरील तीन), विशेष (आरएनए → आरएनए, आरएनए → डीएनए, डीएनए → प्रथिन) आणि कधीच न आढळलेले, म्हणजे प्रथिनापासून सुरू होणारे तिन्ही.

प्रिऑन हे प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला आपल्यासारखे बनवते, म्हणजे माहिती प्रथिनाकडून प्रथिनाकडे जाते, हा आक्षेपही येथे लागू होत नाही. प्रिऑन शेजारच्या प्रथिनाची घडी बदलतो, त्यातील अमिनो आम्लांचा क्रम मात्र तोच राहतो.