नलिनीवहिनींना, अरविंद गेल्यावर, कार्यानंतर पाठवलेले निरोप

17 जुलै, सायंकाळी 5:20

वहिनी, अनंत.

यापुढे काही आठवडे माझे नाहीतर शुभाचे निरोप येत राहतील. त्यांत प्रश्न नसेल, म्हणून उत्तरही लागत नाही. "वाचलं" नाही, हात जोडलेलं चित्र नाही. माझ्या फोनमधल्या वाचल्याच्या निळ्या खुणा मी बंद करून टाकल्या आहेत. त्या बंद असल्या की समोरच्याने निरोप उघडला की नाही, हे आपल्यालाही दिसत नाही. शुभाच्याही बंद आहेत. आठ दिवसांनी सगळे एकदम उघडले, किंवा न उघडताच राहिले, तरी काही अडत नाही. खरंच घाईचं काही असलं तर ते मी ओंकारशी बोलतो, इथे लिहीत नाही.

निरोप संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारासच येतील. रात्री-पहाटे फोन वाजला की पोटात धस्स होतं, म्हणून त्या वेळी आमच्याकडून काही येणार नाही.

19 जुलै, सायंकाळी 5:45

शुभा. आज सांगण्यासारखं काही नाही. तुमची आठवण आहे.

22 जुलै, सायंकाळी 5:30

वहिनी, गच्चीवरच्या अरविंदच्या चौदाही कुंड्या ठीक आहेत.

पाऊस चांगला आहे, त्यामुळे वरून पाणी घालत नाही. कुंड्यांखालच्या बशा मात्र सगळ्या काढून ठेवल्या. त्यांत पाणी साचलं की आठवड्या-दीड आठवड्यात डास होतात, आणि मुळंही सतत पाण्यात राहतात. कढीपत्त्याची खालची पानं पिवळी पडायला लागली होती. ते पाणी कमी पडल्याचं लक्षण वाटतं, पण कारण उलटं निघालं: कुंडीचं भोक मातीने बुजलं होतं, पाणी निघत नव्हतं, मुळांना हवा मिळत नव्हती. स्क्रू ड्रायव्हरने खालून भोक मोकळं केलं, पेलाभर गढूळ पाणी निघून गेलं. पिवळी पानं आपोआप गळतील, ती परत हिरवी होत नाहीत. शेंड्याला नवी पालवी आहे, म्हणजे झाड शाबूत आहे.

कोरफड टाकीच्या कट्ट्याखाली सरकवली, तिला एवढा पाऊस सोसत नाही. बाकी काही हलवलेलं नाही, छाटलेलं नाही, कुंडी बदललेली नाही. मोगऱ्याला त्याने बांधलेली सुतळीसुद्धा तशीच आहे.

26 जुलै, सायंकाळी 5:15

वहिनी, अरविंदच्या फोनबद्दल. यातलं सगळं करून झालेलं आहे, नुसतं माहितीला.

नंबर चालू आहे. ओंकारने 84 दिवसांचा रिचार्ज टाकला. बँकेचे, विम्याचे, गॅसचे ओटीपी अजून त्याच नंबरवर येतात. नंबर घाईने बंद केला की पुढचं प्रत्येक काम अडतं, आणि काही महिन्यांनी तोच नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. व्हॉट्सॲपचं वेगळं: 120 दिवस काहीच वापर झाला नाही तर खातं आपोआप काढून टाकलं जातं. त्यामुळे ओंकार अधूनमधून ते नुसतं उघडतो. निरोप वाचत नाही.

फोटो, व्हिडिओ आणि आवाजातले निरोप यांच्या दोन प्रती झाल्या आहेत. एक ओंकारकडच्या हार्ड डिस्कवर, दुसरी पेनड्राइव्हवर, तो तुमच्या कपाटातल्या निळ्या फाइलच्या कप्प्यात आहे. दोन अशासाठी, की पेनड्राइव्ह नुसता पडून राहिला तरी काही वर्षांनी दगा देऊ शकतो. फोनमधून काहीही पुसलेलं नाही. आवाज ऐकायचा असो वा नसो, तो जागेवर आहे.

30 जुलै, सायंकाळी 5:50

वहिनी, शुभा. हा निरोप जरा लांब आहे, अर्धा सोडून दिला तरी चालेल.

साधारण या आठवड्यापासून येणं-जाणं कमी होतं आणि शरीर आपला हिशेब काढायला बसतं. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, घास घोळत राहणं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, एका खोलीतून दुसरीत जाऊन कशाला आलो ते विसरणं, हे सगळं या काळात नेहमीचं आहे. दूध दोनदा उतू गेलं म्हणजे डोकं गेलं असं नव्हे. झोप तुटलेली असते आणि मन एकाच गोष्टीला धरून असतं, बाकीचं त्यात शिरत नाही. झोप परत येते तशी आठवणही जाग्यावर येते. मधेच दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसासारखं होतं, ती पीछेहाट नसते. रडू येत नाही, त्याचाही काही अर्थ नसतो.

आणखी एक, जे सहसा कुणी बोलून दाखवत नाही. गेलेल्या माणसाचं खाकरणं ऐकू येतं, जिन्यात पाऊल वाजल्यासारखं होतं, ठरलेल्या वेळी दाराकडे लक्ष जातं. डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी वेल्समध्ये जोडीदार गेलेल्या 293 जणांशी बोलून 1971 साली हे छापलं होतं. जवळपास निम्म्यांना असं काहीतरी झालं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. अनेकांना त्याची भीती नाही, आधारच वाटला होता. हे आजारपण नाही. तुम्हाला होतं की नाही ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक होण्याची गरजही नाही.

2 ऑगस्ट, सायंकाळी 5:10

वहिनी, कागदपत्रं. सह्या लागणारं काहीही आत्ता नाही.

मृत्यूच्या दाखल्याच्या सहा मूळ प्रती ओंकारने काढल्या, चार निळ्या फाइलमध्ये आहेत. लॅमिनेट मुद्दामच केलेल्या नाहीत, कारण लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही. दाखल्यावरचं नाव आधार, पॅन आणि पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहिलं. जास्तीत जास्त दावे इथेच अडकतात: एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. आपल्याकडे चारही ठिकाणी सारखं आहे.

बँकेत तुमचं नाव नामनिर्देशित आहे. "महिन्याच्या आत गेलं नाही तर पैसे जातात" असं सांगणारे भेटतात, तसं नसतं. दहा वर्षं कुणी हातच लावला नाही तर ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते, आणि तिथूनही वारसाला ती मागता येते. बँकेला कळवलं की खात्यातून आपोआप कापली जाणारी बिलं मात्र थांबतात आणि विजेच्या बिलावर विनाकारण विलंब आकार लागतो. म्हणून ते बिल ओंकारने आधीच स्वतःच्या खात्यावर घेतलं. जुलैचं भरलं. मीटर अरविंदच्या नावावरच आहे, त्याने वीज तुटत नाही.

3 ऑगस्ट, सायंकाळी 5:30

वहिनी, आज 3 तारीख. आमच्या लक्षात आहे. अनंत, शुभा.

7 ऑगस्ट, सायंकाळी 5:40

तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला दिवा गेला. मीटरच्या खोलीत पेटीच्या दाराला आतून एक पुठ्ठा चिकटवलेला सापडला, अरविंदच्या अक्षरात: प्रत्येक मजला, दिवा किती वॅटचा, कधी बदलला. तिसऱ्या मजल्यापुढे कंसात लिहिलंय, "होल्डर ढिला, दिवा नव्हे." पाहिलं तर खरंच होल्डरच ढिला होता. दिवा विकत आणायचा वाचला. त्याच पुठ्ठ्यावर आजची तारीख घातली.

10 ऑगस्ट, सायंकाळी 5:25

वहिनी, स्कूटर. किल्ली ओंकार जाताना माझ्याकडे देऊन गेला आहे.

दर रविवारी दहा मिनिटं चालू ठेवतो. नुसती चालू करून लगेच बंद केली तर बॅटरी भरण्याऐवजी उतरते, कारण सेल्फ मारताना जेवढी वीज जाते तेवढी परत भरायला इंजिन काही वेळ फिरावं लागतं. गाडी मधल्या स्टँडवर आहे. साइड स्टँडवर महिनोन् महिने राहिली तर दोन्ही टायर एकाच जागी दबतात. चाकांतली हवा पाहिली. विम्याची मुदत मार्चपर्यंत आहे. विकायची की ठेवायची हा विषय कुणी काढलेला नाही. वॉचमनकडे एक जण चौकशी करून गेला, त्याला मी परस्पर "नाही" सांगितलं.

12 ऑगस्ट, सायंकाळी 5:55

शुभा. भावोजींच्या कपड्यांविषयी.

कपाट रिकामं करायची कुठलीही तारीख नसते. सव्वा महिना, सहा महिने, वर्ष, जो तो आपल्याला सुचेल ते सांगतो. धुतलेले कपडे तसेच राहिले तर काही होत नाही, पावसाळ्यात फक्त दार थोडं उघडं असलेलं बरं, नाहीतर बुरशीचे ठिपके पडतात.

न धुतलेल्या सदऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला येणारा माणसाचा वास उघड्यावर विरून जातो, आणि डांबरगोळ्यांजवळ असला तर दोनच दिवसांत फक्त डांबराचा वास उरतो. झिपच्या जाड पिशवीत हवा काढून बंद केलेला, पूर्ण कोरडा असलेला सदरा बराच काळ तसाच राहतो. दरवेळी उघडला की थोडा जातो. दोन मोठ्या पिशव्या मी तुमच्या दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत ठेवल्या आहेत. नाही लागल्या तर डाळी भरायच्या कामाला येतील.

14 ऑगस्ट, सायंकाळी 5:20

वहिनी, अनंत. सोसायटीच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा यादीवरून पडत असतात, टाकणारा माणूस नाव न बघता टाकतो. अरविंदची तारीख त्या यादीतून काढून घेतली. ज्येष्ठांच्या संघाच्या ग्रुपवरही तेच केलं. ग्रुपमधून त्याचा नंबर मात्र काढलेला नाही. ते ठरवणं आमचं काम नाही.

17 ऑगस्ट, सायंकाळी 5:30

वहिनी, इथून पुढे निरोप महिन्यातून एखाददुसरा येईल. कामं थांबलेली नाहीत, कुंड्या आणि स्कूटर चालूच आहे. सारखा सारखा फोन वाजण्याचाही भार होतो. 3 तारखेच्या आसपास बाकीच्यांचे फोन येतातच, म्हणून आमचा निरोप महिन्याच्या मधल्या आठवड्यात.

गुरुवारी, 21 ला गच्चीवरची टाकी धुणार आहेत. पाणी सकाळी 10 ते दुपारी 4 बंद. ब्लीचिंगचं पाणी गच्चीवरून वाहतं आणि ते मुळांना बाधतं, म्हणून कुंड्या मी बुधवारीच जिन्याच्या छपराखाली घेतो आणि शुक्रवारी जागच्या जागी ठेवतो. नळ पुन्हा सुरू झाल्यावर पहिली पाच-सात मिनिटं पाणी गढूळ आणि वास मारणारं येतं, नंतर स्वच्छ होतं. शुभा बुधवारी संध्याकाळी झाकणाच्या दोन बादल्या भरून तुमच्या दाराबाहेर ठेवेल. बेल वाजवणार नाही. रिकाम्या बादल्या शनिवारी तीच घेऊन जाईल, भरलेल्या राहिल्या तरी.