Re: पत्रकारांना पाठवायचा मेल – नवीन मसुदा

अनिकेत,

पीओपी मूर्ती बादलीत विरघळवण्याच्या प्रात्यक्षिकाचा तुझा मसुदा काल रात्री वाचला. मेहनत दिसते, पण पहिलं वाक्य बघ: ‘सस्नेह नमस्कार. सन १९९८ साली स्थापन झालेली आमची सोसायटी विविध सामाजिक, सांस्कृतिक व पर्यावरणपूरक उपक्रमांत सदैव अग्रेसर राहिली असून…’ बातमी थेट पाचव्या परिच्छेदात, अध्यक्षांच्या मनोगताच्या खाली. मी अकरा वर्षं डेस्कवर काढली आहेत. गणपतीच्या आधी रोज असे साठ-सत्तर मेल यायचे आणि आम्ही मोबाइलवर दिसतील तेवढ्याच दोन ओळी वाचायचो. त्या दोन ओळींत सोसायटीचं वय असेल तर मेल तिथेच संपला.

विषयाची ओळही बदलली आहे. ‘प्रसिद्धीसाठी : पर्यावरणपूरक उपक्रम’ याने कोणी मेल उघडत नाही.

प्रात्यक्षिकाची तारीखही बदलावी लागली. ५ सप्टेंबरला दहीहंडी आहे रे! ठाण्यातला एकही फोटोग्राफर त्या दिवशी बादली बघायला येणार नाही. २८ ऑगस्टला राखीपौर्णिमा असली तरी मूर्ती बुडवायला आपण चौघे पुरे.

खालचा मजकूर जसाच्या तसा पाठव.

---

विषय: कृत्रिम तलावात न विरघळणारी पीओपी मूर्ती ठाण्यात बादलीत विरघळली, प्रात्यक्षिक २८ ते ३० ऑगस्ट

नमस्कार,

पीओपीची गणेशमूर्ती कृत्रिम तलावात सोडली तरी ती विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी ती बाहेर काढून कुठेतरी न्यावीच लागते. पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी २३ घरांनी आपली पीओपी मूर्ती तलावावर न नेता पार्किंगमधल्या बादल्यांत, अमोनियम बायकार्बोनेटची पावडर घातलेल्या पाण्यात विसर्जित केली. त्यांतल्या १९ मूर्ती ४८ तासांत विरघळल्या.

हे आत्ताच का कळवतो आहोत? यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि दीड दिवसाचं विसर्जन १५ ला. ज्यांनी पीओपी मूर्तीचं बुकिंग आधीच केलं आहे, त्यांना आता ‘शाडूची आणा’ सांगून उपयोग नाही. त्यांच्या हातात उरतं ते विसर्जन कसं करायचं एवढंच, आणि त्यासाठी लागणारी पावडर गणपती बसायच्या आधी घरात असावी लागते. बातमी चतुर्थीनंतर आली तर वाचकाला यंदा तिचा उपयोग नाही.

गेल्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावांतच करायला सांगितलं होतं. त्यामुळे तलावपाळी, उपवनचं पाणी वाचतं हे खरंच. पण कृत्रिम तलावाच्या तळाशी साचणाऱ्या त्या पांढऱ्या गाळाचं पुढे काय, हा प्रश्न आमच्या सोसायटीत सुरू झाला आणि त्यातून हा प्रयोग झाला.

पद्धत आमची नाही. ती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची आहे आणि पुणे महापालिकेने तिथल्या नागरिकांना ही पावडर वाटलेली आहे. मूर्ती बुडेल एवढं पाणी बादलीत घ्यायचं, मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट त्यात टाकायचं आणि दर दोन-तीन तासांनी ढवळत राहायचं. पाणी फसफसतं. शेवटी तळाशी उरतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्या जातीचा साका, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, जे शेतीत खत म्हणून वापरतात. पाणी पातळ करून आम्ही आवारातल्या अशोकाच्या झाडांना घातलं. रंगांत काय असतं याची खात्री नसल्याने कुंड्यांतल्या भाजीला घातलं नाही.

एक खुलासा आवर्जून करतो, कारण गेल्या वर्षी आमच्याकडेच हा घोळ झाला. ही पावडर म्हणजे किराण्यात मिळणारा खायचा सोडा नाही. तो सोडियम बायकार्बोनेट. अमोनियम बायकार्बोनेट बेकरीवाले बिस्किटांसाठी वापरतात. दोन घरांनी आधी साधा सोडा टाकला आणि तिसऱ्या दिवशीही बाप्पा बादलीत जसेच्या तसे बसलेले होते!

अडचणीही सांगतो. अमोनियाचा वास डोळ्यांत पाणी आणतो, त्यामुळे बंद बाथरूममध्ये हे करू नये. जाड ऑइलपेंट लावलेल्या मूर्तींत पाणी लवकर शिरत नाही. उरलेल्या चार मूर्तींना म्हणूनच चार दिवस लागले. आणि काही ज्येष्ठ रहिवाशांना बादलीतलं विसर्जन अजिबात पटलेलं नाही. त्यांच्यापैकी दोघे तुमच्याशी बोलायला तयार आहेत.

प्रत्यक्ष पाहता यावं म्हणून शुक्रवार, २८ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता आम्ही एकाच साच्यातल्या दोन मूर्ती दोन बादल्यांत ठेवणार आहोत, एक नुसत्या पाण्यात आणि दुसरी या द्रावणात. दोन्ही बादल्या रविवार, ३० ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता तुमच्यासमोर रिकाम्या करू. मूर्ती कारखान्यात तडा गेलेल्या आहेत, पूजेतल्या नाहीत. जागा स्टिल्ट पार्किंगची, त्यामुळे पाऊस असला तरी फोटोला अडचण नाही. नितीन कंपनी जंक्शनपासून चालत दहा मिनिटं. लोकेशन सोबत जोडलं आहे.

रविवारी रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका असलेल्या आमच्या रहिवासी आणि गेल्या वर्षी सहभागी झालेली पाच कुटुंबं हजर असतील. गेल्या वर्षीचे सहा फोटो आणि ४० सेकंदांचा व्हिडिओ सोबत आहे, श्रेय न देता वापरले तरी चालेल. या मेलला उत्तर दिलंत तर मी तासाभरात फोन करतो.

अनिकेत
उत्सव समिती, पाचपाखाडी, ठाणे

---

अध्यक्षांचं मनोगत काढलं आहे. त्यांना मी सांगते, तू मध्ये पडू नकोस. त्यांना हवं तर रविवारी कॅमेऱ्यासमोर पहिली बादली तेच ओततील.

‘देशातील पहिलाच अभिनव प्रयोग’ हेही काढलं. पुण्यात लोक हे कधीपासून करताहेत, पत्रकाराने एक फोन केला की आपली फजिती. पद्धत आपली नाही हे आपणच सांगून टाकलं की उरलेल्या मजकुरावर विश्वास बसतो. वास, ऑइलपेंट आणि नाराज काकांचा परिच्छेद बघून समितीत कुरकुर होईल. तो राहू दे. दोन्ही बाजू आयत्या मिळाल्या की बातमीदाराचं अर्धं काम होतं.

‘१९ मूर्ती’ हा आकडा मी तुझ्या वहीतून घेतला आहे. पाठवण्याआधी बी विंगच्या कुलकर्णीकाकूंना विचारून घे, त्यांची मूर्ती तिसऱ्या दिवशी विरघळली असं त्या मला लिफ्टमध्ये म्हणाल्या होत्या. तसं असेल तर १८ कर आणि ‘उरलेल्या चार’चंही वाक्य दुरुस्त कर.

सगळ्यांना एकाच मेलमध्ये सीसी करू नकोस. ठाणे पुरवणीवाल्यांना आधी, सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, नावानिशी पाठव. टीव्हीवाल्यांना गुरुवारी व्हिडिओसकट. आणि फोटो मेलमध्ये कोंबू नकोस, ड्राइव्हची लिंक दे. लिंक परवानगी न मागता उघडते का, ते आधी आईच्या फोनवरून बघ.

मीनलताई