आवाज बदलला की

आजोबांनी कांदा उचलला, दोनदा फिरवून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"हे बघ, कापायचा कसा ते मला येत नाही. पण कापताना आवाज कसा व्हायला हवा, ते सांगतो."

आजीला पक्षाघाताचा झटका येऊन 19 दिवस झाले होते. उजवा हात आणि उजवा पाय गेल्यासारखे झाले होते. बोलायला जायची तर मनात एक आणि तोंडात भलताच शब्द यायचा. मग ती ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहायची. दवाखान्यातून घरी आणताना तिथल्या लोकांनी आम्हाला भरवायचं कसं ते शिकवलं होतं. आजीला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, तो गिळला गेल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. मीठ कमी. पाणीसुद्धा दाटसर करून द्यायचं, कारण नुसतं पाणी तिला चटकन आवरता येत नसे आणि ठसका लागे.

आई-बाबा सकाळी कामाला जायचे. आई पहाटे उठून सगळं करून ठेवायची, पण दुपारपर्यंत भाताची शितं टणक व्हायची. गरम केला तरी तो तिच्या घशाखाली उतरत नसे. दोन दिवस आजीनं तिसऱ्या घासाला मान फिरवली. तिसऱ्या दिवशी आजोबा उठले आणि मला हाक मारली. मला तेरावं सरून चौदावं लागलं होतं आणि शाळेला सुट्टी होती.

आजोबांनी आयुष्यभर घरी बसून लोकांच्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या. त्यांचं टेबल स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होतं. 45 वर्षं आजी भिंतीच्या त्या बाजूला आणि ते या बाजूला. ते आत फक्त पाणी प्यायला जात. डबे कुठं आहेत हेही त्यांना ठाऊक नव्हतं. साखर समजून त्यांनी मला आधी मीठच काढून दिलं.

पण ते स्टूल ओढून बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "काप."

मी कांदा उभा धरून सुरी चालवली. तो घसरला.

"असं नाही. आधी एक जोरात टक असा आवाज यायचा. मग जरा वेळ काहीच नाही. मग बारीक टकटक, एकसारखी."

बराच वेळ आम्ही त्या आवाजाचा अर्थ लावत बसलो. टक म्हणजे दोन तुकडे. काहीच नाही म्हणजे सालं काढत असणार. आणि मग एकसारखी टकटक येण्यासाठी अर्धा कांदा सपाट बाजूनं पाटावर टेकवावा लागतो, म्हणजे तो हलत नाही. बोटांची टोकं आत वळवून धरायची हे आम्हाला माझं बोट कापल्यावर कळलं. आजोबांनी माझं बोट नळाखाली धरलं, पट्टी लावली, आणि तेव्हा त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते.

भात पहिल्या दिवशी करपला. दुसऱ्या दिवशी त्याची लापशी झाली, पण आजीनं ती चार घास खाल्ली. त्यावरून आम्हाला पाण्याचा अंदाज आला. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी लागत असेल तर तिच्यासाठी पाच, आणि आच बारीक. झाकण सारखं उघडायचं नाही. आत काय चाललंय ते ऐकायचं. आधी खदखद, मग जाड, सावकाश फदफद, आणि खाली चुर्र झालं की उशीर झाला. फदफद सुरू झाली की गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच झाकून ठेवायचं.

"ती इथं नेहमी गप्प व्हायची," आजोबा म्हणाले. "भात मुरत ठेवला की. मी वहीतून मान वर करायचो. वाटायचं, आता बोलावेल जेवायला."

बटाटे गार पाण्यातच शिजायला टाकायचे हे त्यांना ठाऊक होतं, कारण नळ सुटल्यावर लगेच काडी ओढल्याचा आवाज यायचा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात, हे आम्ही एकदा करून पाहिलं.

सगळ्यात छळलं ते कांदा परतण्यानं. तेलात पडला की कांदा ओरडतो. त्यातलं पाणी उडत असतं. पाणी संपत आलं की आवाज खाली येतो, मऊ होतो. तेवढ्यातच आच कमी करायची. एक मिनिट पुढं गेलं तर गोडी जाऊन कडवट होतो. मला तो बदल ऐकूच यायचा नाही. आजोबांनाही कधी ऐकू यायचा, कधी नाही. भिंतीपलीकडून ऐकणं वेगळं आणि कढईशेजारी बसून ऐकणं वेगळं, असं ते म्हणाले.

आजीच्या उशाशी आम्ही वाटी आणि चमचा ठेवला होता. काही हवं असेल तर डाव्या हातानं वाजवायचा. एकदा कांदा कढईत असताना वाटी वाजली. दोघंही धावलो. पाणी? नको. उशी? नको. ती मान हलवत राहिली, डोळे दाराकडे. आम्ही परत येईतो कांदा काळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कांदा कढईत, आणि टण्ण. मी निघालो तर आजोबांनी मनगट धरलं. ते कढईकडे बघत होते.

"थांब. गॅस कमी कर."

मी केला. कांदा काचेसारखा झाला होता, कडेला नुकता सोनेरी.

आजोबा पाण्याचा पेला घेऊन बाहेर गेले. मी दारातून पाहिलं. ते तिच्या पलंगाच्या कडेला बसले होते, आणि तिचा चमच्याचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. बोलत कुणीच नव्हतं. मी परत येऊन बटाटा कुस्करायला घेतला.

मग तेच ठरून गेलं. आवाज खाली आला की आजी वाजवायची आणि मी कान द्यायचो. भातालाही वाजवू लागली. टकटक वेडीवाकडी झाली की दोनदा, चिडून. पंधरा-वीस दिवसांत ती वाटीभर मऊ भात आणि कांद्यात परतलेला कुस्करलेला बटाटा संपवायला लागली. मिठाच्या जागी आम्ही लिंबाचे चार थेंब पिळायचो.

सुट्टी संपायला दोन दिवस राहिले होते. आजोबा आंघोळीला गेले होते आणि मी एकटाच ओट्यापाशी. कांदा ओरडत होता. मग ओरडणं जरा घोगरं झालं, जरा आत ओढल्यासारखं. मी आच कमी केली. वाटी वाजण्याची वाट पाहिली. वाजली नाही.

बटाटा घातला, ढवळला, अजून नाही. झोप लागली असेल, की काही झालं? ताटली घेऊन मी जवळजवळ पळतच गेलो.

आजी ताठ बसली होती. चमचा डाव्या हातात, वाटीच्या वर, अधांतरी धरलेला. मला पाहून तिनं तो हळूच खाली ठेवला आणि तोंड उघडलं.