‘आपली मंडळी’ ग्रुप आणि फोटोंचे फोल्डर २२ फेब्रुवारीला बंद होणार

गुलमोहर सहकारी गृहनिर्माण संस्था, सहकारनगर, पुणे
दि. १३ जानेवारी २०२६

सर्व सभासद आणि भाडेकरू यांस,

सप्रेम नमस्कार.

रविवार, ११ जानेवारीच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे ‘आपली मंडळी’ हा जुना व्हॉट्सॲप ग्रुप आणि त्याला जोडलेले गूगल ड्राइव्हवरचे ‘सोसायटी फोटो’ हे फोल्डर रविवार, २२ फेब्रुवारी २०२६ रोजी रात्री ९ वाजता कायमचे बंद केले जाईल. ज्यांना जे हवे आहे ते त्यांनी त्याआधी उतरवून घ्यावे.

ही बातमी जिन्यात आधीच पोचली आहे आणि ‘आमच्या आठवणी पुसायला कमिटीला कोणी सांगितलंय’ हा प्रश्नही आमच्यापर्यंत आला आहे. म्हणून कारणे जरा सविस्तर लिहीत आहोत.

फोल्डर सोसायटीचे नाही. ते आपल्या माजी सचिवांच्या खासगी खात्यात आहे. २०१४ पासून आपण सगळे त्यांना फोटो पाठवत राहिलो आणि ते रात्री बसून वर्षवार, कार्यक्रमवार लावत राहिले. त्यांनी फ्लॅट विकून नाशिकला मुलीजवळ घर केले, तरी फोल्डर त्यांच्याच गळ्यात राहिले. गूगलच्या फुकट खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांना मिळून १५ जीबी जागा असते. त्यातली सुमारे १३ जीबी आपल्या गणपतींनी, कोजागिऱ्यांनी आणि पाण्याच्या टाकीच्या फोटोंनी व्यापली आहे. जागा भरली की मेल येणे थांबते. काकांचे तेच झाले आणि बँकेचे मेल अडकले. त्यांनी अतिशय संकोचाने ‘जमेल तेव्हा बघा’ असा फोन केला. आता त्यांना मोकळे करणे हे आपले काम आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. फोल्डरची लिंक ज्याच्याकडे आहे त्याला ते उघडता येते, आणि ती लिंक कुठे कुठे गेली आहे हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्यात आपल्या मुलांचे पोहण्याच्या शिबिराचे आणि स्नेहसंमेलनाचे फोटो आहेत. ग्रुपची कथाही वेगळी नाही. आपले फ्लॅट ८२, ग्रुपमध्ये नंबर २१४. फ्लॅट विकून गेलेले आहेत, जुने भाडेकरू आहेत, एक रंगारी आहे, आणि चार नंबर कोणाचे हे ॲडमिनलाही ठाऊक नाही. अशा ग्रुपवर भाडेकरूंच्या आधार कार्डांच्या प्रती आणि पोलीस पडताळणीचे फॉर्म पडलेले आहेत. त्या वेळी सोयीचे वाटले म्हणून टाकले गेले. कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण ते तसेच ठेवणे आता शहाणपणाचे नाही.

सोसायटीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते आम्ही बाजूला काढले आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हाचे सगळे फोटो त्यात आहेत: पार्किंगमध्ये एकमेकींवर चढलेल्या स्कूटर, बी विंगच्या लिफ्टच्या दारावर कमरेइतक्या उंचीवर उमटलेली चिखलाची रेघ, पडलेली कंपाउंडची भिंत. त्या रेघेचा फोटो पुढे कधी पंपाची जागा किंवा इलेक्ट्रिक मीटरची उंची ठरवताना उपयोगी पडेल. शिवाय गच्चीचे वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजची खोदाई आणि लिफ्टचे काम यांचे फोटो. हे सारे दोन हार्ड डिस्कवर घेतले आहे. एक सोसायटीच्या कपाटात, दुसरी खजिनदारांकडे असेल.

ग्रुपवरच्या गप्पा मात्र सोसायटीचे दप्तर नव्हे. ‘ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दिला होता’ म्हणून पार्किंगचा ठराव झाला, असे होत नाही. ठराव इतिवृत्तात असतो आणि इतिवृत्त कार्यालयात आहे. कोणाचा जुना वाद एखाद्या मेसेजवर अवलंबून असेल, तर त्यांनी तो मेसेज आत्ताच जपून ठेवावा. समिती नंतर शोधून देणार नाही.

आता उतरवून घेण्याबद्दल. इथे गैरसमज बरेच आहेत.

ड्राइव्हमध्ये ‘Add shortcut’ केले की फोटो आपले झाले, असे अनेकांना वाटते. तो नुसता दुवा असतो; मूळ फोल्डर गेले की तोही निकामी होतो. फोटो डाउनलोडच करावे लागतील. थोडे फोटो हवे असतील तर फोन पुरे. अख्खे वर्ष हवे असेल तर कॉम्प्युटरवरून त्या वर्षाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘Download’ म्हणा. झिप फाइल येईल. मोठे फोल्डर असेल तर झिप एकापेक्षा जास्त येतात, पहिली आली की उठू नका. काही जणांनी स्वतःच्या खात्यातून थेट फाइल टाकल्या आहेत. त्या त्यांच्याच मालकीच्या राहतात, त्यामुळे त्या त्यांनाच काढाव्या लागतील. अशा नऊ घरांना वेगळा निरोप दिला आहे.

ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, तेव्हा महिनाभर सवड आहे असे कोणी धरून चालू नये. ट्रॅशमधल्या फाइलही जागा खातात, म्हणून ट्रॅश त्याच रात्री रिकामा करणार आहोत.

व्हॉट्सॲपचे उलटे आहे. ॲडमिन सर्वांना काढून स्वतः बाहेर पडतील. तुमच्या फोनवरचे जुने मेसेज त्याने पुसले जात नाहीत. तुम्ही स्वतः ‘Delete group’ दाबले तरच जातील. वेगळी प्रत हवी असेल तर ग्रुप उघडून वरच्या तीन ठिपक्यांत ‘More’ आणि मग ‘Export chat’. आयफोनवर ग्रुपच्या नावावर टिचकी मारून खाली जा. आणि एक कळकळीची विनंती: इतरांची आधार कार्डे, फॉर्म, गाडीची कागदपत्रे फोनमध्ये उतरली असतील तर ती काढून टाका. ते काम समिती तुमच्या फोनमध्ये शिरून करू शकत नाही.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी रविवार, १८ जानेवारी किंवा १ फेब्रुवारीला संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत क्लब हाउसमध्ये पेन ड्राइव्ह घेऊन यावे. सी विंगमधली कॉलेजची मुले लॅपटॉप घेऊन बसतील. २५ तारखेला रथसप्तमीचे हळदीकुंकू असल्याने हॉल मोकळा नाही. ज्येष्ठांनी जिने उतरायची गरज नाही, वॉचमनकडे निरोप ठेवा, कोणीतरी घरी येईल. २०१६ च्या गणेशोत्सवातला कै. जोशीकाकांच्या तबल्याचा व्हिडिओ त्यांच्या घरी पोचवला आहे. आणखी कोणाला घरच्या माणसांचे असे काही शोधून हवे असेल तर वर्ष आणि कार्यक्रम तेवढे सांगा.

एखादा फोटो सोसायटीच्या हार्ड डिस्कवर राहू नये असे वाटत असेल, किंवा या निर्णयालाच हरकत असेल, तर ८ फेब्रुवारीपर्यंत कार्यालयात लेखी द्यावे. ग्रुपवर लिहिलेली हरकत धरली जाणार नाही.

पाणी, लिफ्ट, वीज यांच्या सूचना दिवाळीपासून ‘गुलमोहर सूचना’ या ग्रुपवर येत आहेत. तिथे फक्त पदाधिकारी लिहितात आणि प्रत्येक फ्लॅटचे दोन नंबर घेतले आहेत. अकरा फ्लॅटनी अजून नंबर दिलेले नाहीत. २२ तारखेनंतर ‘पाणी जाणार हे कळलंच नाही’ ही तक्रार कृपया करू नये. गप्पा, शुभेच्छा आणि आंब्याच्या पेट्यांसाठी कोणाला वेगळा ग्रुप काढायचा असेल तर खुशाल काढा. समिती त्यात ॲडमिन होणार नाही.

कळावे.

आपला,
सचिव
व्यवस्थापन समितीकरिता

प्रत: तिन्ही विंगचे सूचना फलक, ‘गुलमोहर सूचना’ ग्रुप, माजी सचिव, नाशिक