दुसऱ्या स्लॅबचा पंधरवडा : चार ओळी आणि खाली मूळ अहवाल

साहेब,

३ ते १६ फेब्रुवारीचा अहवाल खाली पूर्ण दिला आहे. उद्या सकाळी मालकांसमोर वाचायला त्यातल्या एवढ्याच ओळी घ्याव्यात.

काम : पहिल्या स्लॅबवरचे सगळे २४ कॉलम भरून झाले. दुसऱ्या स्लॅबचं सेंट्रिंग २९० पैकी २१० चौ.मी. झालं. कंपाउंड वॉल १८० पैकी ११२ चौ.मी. बांधून झाली.

उशीर : स्लॅब १४ तारखेला भरायचा होता, आता २२ ला. आठ दिवस गेले: जॅक नाहीत म्हणून पाच, बीमचं ड्रॉइंग बदललं म्हणून दोन, बारबेंडर कमी होते म्हणून एक.

माल : ९० जॅक १७ च्या संध्याकाळपर्यंत. २० मिमीचे ८ बार १८ पर्यंत. ८ मिमी स्टील ८०० किलो आणि बायंडिंग वायर ४० किलो १९ च्या सकाळी. ब्लॉक ४६० नग २० पर्यंत. खडी २ ब्रास २४ पर्यंत. सिमेंट आत्ता नको.

निर्णय हवा : सेंट्रिंगवाल्याकडे जॅक नाहीत. ते आपण भाड्याने आणून त्याच्या बिलातून वळते करायचे का, हे उद्याच ठरावं. जॅक जितके दिवस उशिरा येतील, तितके दिवस स्लॅब पुढे जाईल. पहिल्या स्लॅबखालचे जॅक काढून वर वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ अहवालातून मजुरांची रोजची हजेरी, व्हायब्रेटरची दुरुस्ती, सिमेंटचा हिशेब आणि जिन्याच्या रेलिंगचं काम या ओळींत घेतलेलं नाही. ती कामं झाली आहेत, त्यावर कुणाला काही ठरवायचं नाही. क्यूबचा निकालही घेतला नाही, कारण तो चांगला आहे. पण मालकांनी "खालचा स्लॅब पक्का झाला ना, मग जॅक का अडवलेत?" असं विचारलं तर खालचा तिसरा परिच्छेद वाचून दाखवावा. तो प्रश्न येणार, असं मला वाटतं. कारण सेंट्रिंगचा ठेकेदार मालकांशी परस्पर बोलला आहे.

मूळ अहवाल, ३ ते १६ फेब्रुवारी

कॉलमचं काम वेळेत झालं. १२ कॉलम ५ तारखेला आणि उरलेले १२ सात तारखेला भरले. एकूण काँक्रीट साधारण १०.८ घनमीटर, साइटवरच्या मिक्सरवर, एम-२५. पाच तारखेला दुपारी व्हायब्रेटरची सुई बंद पडली. तेव्हा दोन कॉलम अर्धे भरलेले होते. दुसरी सुई स्टोअरमध्ये होती म्हणून पंधरा-वीस मिनिटांत काम पुन्हा सुरू झालं. शटर उघडल्यावर त्या दोन्ही कॉलमवर हातोडीने ठोकून पाहिलं. आवाज भरीव आहे, कुठे मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं नाहीत. सगळ्या कॉलमचा ओळंबा तपासला. एका कोपऱ्यातल्या कॉलमला ६ मिमी फरक आहे, तो प्लास्टरमध्ये निघेल. कॉलमना गोणपाट गुंडाळून सात दिवस पाणी मारलं. ९ तारखेला टँकर आला नाही आणि दुपारनंतर गोणपाट कोरडं पडलं होतं. ही चूक माझ्याकडून झाली, सकाळीच टाकी पाहायला हवी होती. त्या दिवसापासून स्लॅबवर एक ड्रम कायम भरून ठेवतो.

दुसऱ्या स्लॅबचं सेंट्रिंग ८ तारखेला सुरू केलं. जिन्याच्या बाजूने सुरुवात केली, कारण जिन्याचा वेस्ट स्लॅब आधी लागतो. १२ तारखेच्या संध्याकाळपर्यंत २१० चौ.मी. प्लेटा टाकून लेव्हल झाली होती. उरलेलं ८० चौ.मी. आणि त्यातले बीमचे तळ यांना ११० जॅक लागतात. ठेकेदाराकडे २२ शिल्लक आहेत. कमी पडतात ८८, म्हणून ९० मागितले आहेत. त्याचं बाकीचं सामान त्याच्या दुसऱ्या साइटवर अडकलं आहे. "उद्या येतं" असं तो १३ पासून रोज सांगतो. १३ ते १६ असे चार दिवस सेंट्रिंग बंद आहे आणि उद्याचा दिवसही जाणार, असं धरून पाच दिवस मोजले आहेत.

१२ तारखेला ठेकेदाराने पहिल्या स्लॅबखालचे ९० जॅक काढून वर न्यायची परवानगी मागितली. स्लॅब २८ जानेवारीचा, म्हणजे पंधरा दिवस झाले, असं त्याचं म्हणणं. दिवस बरोबर मोजले आहेत. सात दिवसांच्या क्यूबची सरासरी १८.६ न्यूटन प्रति चौ.मिमी आली, म्हणजे २५ च्या जवळपास पाऊण. काँक्रीटबद्दल मला शंका नाही. तरीही मी नाही म्हणालो. पार्किंगवरच्या तीन बीमचा गाळा ६.३ मीटर आहे. सहा मीटरच्या पुढच्या बीमखालचे टेकू २१ दिवस ठेवायचे असतात, ते १८ तारखेला पूर्ण होतात. आणि दिवस पूर्ण झाले तरी खरा प्रश्न वेगळाच आहे. दुसरा स्लॅब भरताना त्याचं सगळं ओलं वजन वरच्या जॅकमधून पहिल्या स्लॅबवरच येणार. १२५ मिमी स्लॅब म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर नुसतं काँक्रीट. बीम धरून एकूण ५५ घनमीटर, म्हणजे जवळजवळ १३७ टन. वर प्लेटा, माणसं, पंपाचा पाइप वेगळा. खाली जॅक असतील तर हा भार सरळ जमिनीवर उतरतो. जॅक काढले तर तो तीन आठवड्यांच्या स्लॅबने एकट्याने उचलायचा. आज तडा दिसला नाही तरी तो बीम नंतर खाली वाकलेला राहू शकतो, आणि तो सरळ करता येत नाही. पाच दिवसांसाठी हे करू नये. खालचा एकही जॅक दुसरा स्लॅब भरून किमान आठवडा होईपर्यंत हलणार नाही, असं मुकादमाला सांगून ठेवलं आहे आणि खालच्या जॅकना लाल रंगाचा पट्टा मारला आहे.

बीमच्या स्टीलचं काम १० तारखेला थांबवावं लागलं. त्या दिवशी सुधारित ड्रॉइंग आलं. पार्किंगवरच्या तिन्ही बीमच्या तळाला १६ मिमीचे चार बार होते, ते आता २० मिमीचे चार झाले. आपण १६ चे बार कापून, रिंगा घालून, तिन्ही बीम बांधून ठेवले होते. सगळं उघडलं, त्यात १० आणि ११ असे दोन दिवस गेले. बदल योग्यच आहे, तक्रार बदलाची नाही. बार कापण्याआधी ड्रॉइंग हातात आलं असतं तर हे दोन दिवस वाचले असते. पुढच्या मजल्याचं ड्रॉइंग २० तारखेपर्यंत "अंतिम" असा शिक्का मारून मिळावं, ही विनंती. कापलेले १६ चे बार वाया जाणार नाहीत, वरच्या कॉलमना लागतील. त्यांना वेगळी खूण करून ठेवलं आहे.

२० मिमीचा हिशेब असा. प्रत्येक बारची कापलेली लांबी ७.१ मीटर येते. त्यामुळे १२ मीटरच्या एका बारमधून एकच तुकडा निघतो, उरलेला ४.९ मीटर आधारावरच्या जादा बारसाठी वापरतो. तीन बीमना १२ बार हवेत. स्टोअरमध्ये ५ होते, चार वापरून एक बीम झाला. एक शिल्लक आहे, सात कमी पडतात. आठ मागवले आहेत, म्हणजे साधारण २३७ किलो. एक जादा अशासाठी की वाकवताना एखादा बार बिघडला तर त्या एकासाठी पुन्हा गाडी बोलवावी लागू नये. ८ मिमी स्टील वितरण बारसाठी आणि रिंगांसाठी मिळून ८०० किलो कमी आहे. १०, १२ आणि १६ पुरेसं आहे.

बारबेंडरांची टोळी नऊ जणांची. ८ आणि ९ तारखेला गावी लग्न असल्यामुळे चारच आले. दोन दिवसांत मिळून एका दिवसाचं काम मागे पडलं. १० पासून सगळे परत आले. त्यांनी आधी सांगितलं होतं, त्यामुळे दोष देण्यासारखं काही नाही.

गवंड्यांना स्लॅबच्या थांबण्याचा त्रास झाला नाही. त्यांना कंपाउंड वॉलवर ठेवलं. ११२ चौ.मी. झालं, ६८ बाकी आहे. ६०० बाय २०० चा ब्लॉक चौरस मीटरला साधारण ८.३ लागतो, म्हणजे ५६६, तुटफूट धरून ५९५. शिल्लक १४० आहेत, म्हणून ४६० मागितले. मागच्या गाडीत कोपरे उडालेले ब्लॉक बरेच होते. या वेळी उतरवताना स्टोअरकीपर उभा राहील आणि मोजूनच सही करेल.

सिमेंट सुरुवातीला १२० पोती होतं, १०० आलं, ११० गेलं, ११० शिल्लक. पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्या स्लॅबवरच्या कॉलमना ७६ आणि भिंतीला २० लागतील. म्हणजे पुरतं, पण चौदाच पोती उरतील. पुढची मागणी महिनाअखेरीस देईन, आत्ता आणून शेडमध्ये साठवण्यात अर्थ नाही. जुनी पोती पुढे काढून ठेवली आहेत. वाळू ३ ब्रास आहे. खडी एकच ब्रास, कॉलमना तीन लागेल.

६ तारखेला पहिल्या स्लॅबवरच्या जिन्याच्या मोकळ्या जागेला पाइपचं रेलिंग लावलं. दोन दिवस ती जागा उघडी होती.

पुढचा क्रम. १७ च्या संध्याकाळी जॅक आले तर १८ आणि १९ ला उरलेलं सेंट्रिंग. २० आणि २१ ला स्टील, इलेक्ट्रिकच्या नळ्या आणि प्लंबिंगचे स्लीव्ह. २१ च्या दुपारी चारला तुमची तपासणी. कव्हर ब्लॉक आणि खुर्च्या तेव्हा जागेवर असतील, लेव्हलचं यंत्रही तयार ठेवतो. २२ ला सकाळी सातला पंप. रेडी मिक्स ५७ घनमीटर सांगितलं आहे, दोन जादा. १९ च्या संध्याकाळपर्यंत सेंट्रिंग पूर्ण झालं नाही तर २२ ची गाडी मी त्याच रात्री रद्द करीन आणि तुम्हाला फोन करीन. पहिल्या स्लॅबचे २८ दिवसांचे क्यूब २५ तारखेला फुटतील, निकाल त्याच दिवशी कळवतो.

आपला,
साइट इंजिनिअर
१६ फेब्रुवारी, संध्याकाळ