दोन वर्षांच्या फोनला अपडेट बंद झाल्याबाबत तक्रार

दि. १४ जुलै २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग प्रमुख

विषय : जून २०२३ मध्ये विकत घेतलेल्या फोनला सप्टेंबर २०२४ नंतर एकही सॉफ्टवेअर अपडेट न मिळाल्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा फोन मी जून २०२३ मध्ये आपल्याच अधिकृत विक्रेत्याकडून, नवा आणि सीलबंद, विकत घेतला. त्यात अँड्रॉइड १३ होते, पुढे अँड्रॉइड १४ मिळाले आणि त्यानंतर काही महिने सुरक्षा अपडेट येत राहिले. आज ‘फोनविषयी’ या पानावर सुरक्षा पॅचची तारीख ५ सप्टेंबर २०२४ अशी दिसते आणि ती तेव्हापासून हललेली नाही. दरम्यान अँड्रॉइड १५ येऊन गेले, गेल्या महिन्यात अँड्रॉइड १६ सुद्धा प्रसिद्ध झाले.

आपल्या ग्राहक सेवा केंद्राकडे चौकशी केली असता, या मॉडेलचा दोन वर्षांचा अपडेट कालावधी पूर्ण झाला असून मी नव्या मॉडेलचा विचार करावा, असे उत्तर मिळाले. माझी मुख्य तक्रार या ‘दोन वर्षां’विषयी आहे. आपले हे मॉडेल सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आले आणि मुदतीची मोजणी आपण त्या दिवसापासून केली. म्हणजे माझ्या हातात फोन पडला तेव्हाच त्यातले नऊ महिने सरले होते आणि माझ्या वाट्याला प्रत्यक्षात जेमतेम सव्वा वर्ष आले. वॉरंटी मात्र आपण माझ्या पावतीच्या तारखेपासूनच धरली होती. एकाच वस्तूसाठी दोन वेगळ्या मोजपट्ट्या का, हे मला समजलेले नाही. खोक्यावर ‘दोन वर्षे अपडेट’ एवढेच छापलेले आहे. ती दोन वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची याचा उल्लेख ना खोक्यावर आहे, ना सोबतच्या पुस्तिकेत.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. आजही मी ‘अपडेट तपासा’ हे बटण दाबले की स्क्रीनवर ‘तुमची सिस्टम अप टू डेट आहे’ असा संदेश येतो. दहा महिन्यांपूर्वीचा पॅच असलेल्या फोनने असे सांगणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल आहे. ज्याला पॅचची तारीख कुठे पाहायची हे ठाऊक नाही, तो या एका ओळीवर विसंबून निर्धास्त राहणार. अँड्रॉइडमधील सुरक्षा त्रुटींची माहिती २०१५ पासून नियमितपणे जाहीर होत आली आहे. दुरुस्ती न पोहोचलेल्या फोनमध्ये त्या त्रुटी नुसत्या शिल्लकच राहत नाहीत, तर त्या नेमक्या कुठे आहेत हेही जगजाहीर झालेले असते. याच फोनवरून मी पैशांचे व्यवहार करतो आणि ओटीपीही याच फोनवर येतात.

प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचा पाठिंबा संपला की फोन कंपनीचे हात बांधले जातात, हे कारण मी ऐकून आहे आणि काही अंशी ते खरेही असेल. पण चिप तयार करणाऱ्यांशी करार आपण करता, मी नाही. शिवाय २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ पासून मूळ प्रणाली आणि चिपशी निगडित भाग वेगळे करण्यात आले, ते अपडेट देणे सोपे व्हावे म्हणूनच. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी एस२४ साठी सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. ते महागडे फोन आहेत, हे मान्य. युरोपीय संघाचा २० जून २०२५ पासून लागू झालेला नियम मात्र स्वस्त-महाग असा भेद करत नाही. त्यात अपडेटची किमान पाच वर्षे मॉडेलची विक्रीसाठीची शेवटची खेप बाजारात आली त्या दिवसापासून मोजली जातात, म्हणजे आपल्या पद्धतीच्या नेमकी उलट. तो नियम सर्वत्र लागू नाही याची मला कल्पना आहे. मुदत कुठून मोजणे न्याय्य ठरेल एवढेच मी त्यावरून दाखवू इच्छितो.

माझ्या फोनची बॅटरी दिवसभर पुरते, स्क्रीनवर ओरखडा नाही, कॅमेरा उत्तम चालतो. तो बदलण्याचे एकही कारण फोनमध्ये नाही; जे आहे ते आपल्या धोरणात आहे.

तरी आपण मला पुढील बाबी लेखी कळवाव्यात : या मॉडेलची मुदत विक्रीच्या तारखेऐवजी बाजारात आणल्याच्या तारखेपासून का धरली, आणि माझ्या खरेदीपासून दोन वर्षे पूर्ण होईपर्यंतचे, म्हणजे जून २०२५ पर्यंतचे, सुरक्षा पॅच आपण कधी देणार. ते देणे शक्य नसेल, तर तसे स्पष्ट सांगून भरपाईचा प्रस्ताव द्यावा. अपडेट बंद झालेल्या फोनवर तो दिशाभूल करणारा संदेश काढून ‘या फोनला यापुढे सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत’ असे दाखवावे, ही मागणी मात्र कोणत्याही परिस्थितीत कायम आहे. त्यासाठी नव्या चिपची गरज पडू नये.

पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ‘नवे मॉडेल घ्यावे’ हे उत्तर मला एकदा मिळालेले आहे, ते कृपया पुन्हा पाठवू नये.

कळावे,

आपला ग्राहक

सोबत : खरेदी पावतीची प्रत, खोक्यावरील मजकुराचे छायाचित्र, पॅचची तारीख व अपडेटचा संदेश दाखवणारे स्क्रीनशॉट, ग्राहक सेवा केंद्राच्या उत्तराची प्रत.